लघुसंदेशातील ‘आहे’

भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशात नुकत्याच घडलेल्या गोष्टी कळवताना ‘पाठवले’ लिहावे की ‘पाठवले आहे’, हा प्रश्न बहुधा संक्षेपाचा मानला जातो. अक्षरे वाचवावयाची म्हणून ‘आहे’ गाळले जाते आणि औपचारिकता हवी म्हणून ते जोडले जाते. वस्तुतः हा प्रश्न अर्थाचा आहे.

साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांतील भेद आपल्याकडे अनेकदा इंग्रजी व्याकरणाच्या आधाराने शिकवला जातो. इंग्रजीत ‘काल’सारखे संपलेल्या काळाचे क्रियाविशेषण आले की पूर्ण वर्तमानकाळ सामान्यतः चालत नाही. मराठीला हे बंधन नाही. ‘प्रबंध कालच सादर केला आहे’ हे वाक्य निर्दोष आहे. उलट, नुकतीच घडलेली गोष्ट मराठी माणूस साध्या भूतकाळातच उच्चारतो. दिवे जाताच ‘वीज गेली!’ असे उद्गार निघतात. ‘वीज गेली आहे’ हे वाक्य थोड्या वेळाने, काळोखात बसलेल्या घरातून येते. हाक ऐकून दिलेल्या ‘आलोच’ या उत्तरात तर येण्याची क्रिया घडलेलीही नसते. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) या रूपासाठी योजलेली ‘लाख्यात’ ही संज्ञा काळावरून नव्हे, तर प्रत्ययावरून आलेली आहे, हे या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

तेव्हा निवडीचा निकष घटना किती ताजी आहे हा नसून, तिचा परिणाम लिहिण्याच्या क्षणी टिकून आहे असे सांगावयाचे आहे काय, हा होय. एक संदेश कल्पून पाहता येईल. गावातील भाऊ परगावच्या बहिणीला रात्री कळवतो: ‘बाबांना दुपारी ताप आला. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी रक्त तपासायला सांगितले. रात्री नऊला दवाखान्यात दाखल केले आहे. रिपोर्ट आलेला नाही.’ पहिली तीन वाक्ये घटनाक्रम सांगतात. तेथे साधा भूतकाळच योग्य, कारण एक घटना दुसरीला जागा करून देते. चौथ्या वाक्यातील ‘आहे’ने हा क्रम थांबतो आणि बाबा या क्षणी दवाखान्यात आहेत, हे बहिणीला निश्चित कळते. तेथे नुसते ‘दाखल केले’ असते, तर पुढे काय झाले, हे तिला विचारावे लागले असते. ‘दाखल केले होते’ असे लिहिले असते, तर त्यांना घरी सोडले असावे असा तिचा समज होण्याचा संभव होता. पहाटेच्या गाडीने निघून दवाखाना गाठावा की घर, हे त्या एका क्रियापदावर ठरते.

शेवटचे वाक्यही पाहण्यासारखे आहे. नकारात ‘आहे’ लोपते आणि भेद ‘आला नाही’ व ‘आलेला नाही’ या रूपांवर येऊन ठेपतो. ‘आलेला नाही’मध्ये प्रतीक्षा चालू असल्याचे सूचित होते. ‘आला नाही’ हे रूप दोन्ही अर्थांना चालते, म्हणून प्रतीक्षेचा अर्थ हवा असल्यास त्याला ‘अजून’ची जोड द्यावी लागते.

याउलट, प्रत्येक वाक्याला ‘आहे’ जोडण्याची वृत्तपत्री सवयही घातक आहे. ‘ताप आला आहे, डॉक्टरांना दाखवले आहे, दाखल केले आहे’ अशा लेखनात घटनांचा क्रम मावळतो आणि सुट्या नोंदींची यादी उरते. आधी काय आणि नंतर काय, हे वाचकाला तर्काने जुळवावे लागते.

संक्षेपाचा युक्तिवादही फारसा टिकत नाही. बोलीच्या वळणाने लिहिणाऱ्याला ‘दाखल केलं’ आणि ‘दाखल केलंय’ यांत एका ‘य’चेच अंतर आहे. घाईत सुटतो तो हाच ‘य’, आणि त्याच्याबरोबर सद्यःस्थितीही सुटते.

या निकषाला मर्यादा आहेत. ‘ती कादंबरी वाचली आहे’ यात मागे राहते ती वाचकाची अनुभूती, कादंबरीची अवस्था नव्हे. शिवाय ‘आहे’ची ग्वाही लिहिण्याच्या क्षणापुरतीच असते. संदेश काही तासांनी वाचला जातो. तो पुढे पाठवला गेला, तर मूळ वेळही त्यावर उरत नाही. ‘रात्री नऊला’ हे शब्द म्हणूनच आवश्यक ठरतात. इंग्रजीत जी जोडी बहुधा सदोष ठरली असती, तीच, म्हणजे निश्चित वेळ आणि पूर्ण वर्तमानकाळ, मराठी लघुसंदेशाला सर्वाधिक विश्वासार्ह करते. पदव्युत्तर वर्गात काळ शिकवताना इंग्रजी कोष्टकाऐवजी अशा संदेशांपासून आरंभ करणे अधिक न्याय्य ठरेल.