चहावाल्याने नेमके काय पाहिले?

मिरजेतल्या आमच्या अभ्यासिकेत आम्ही लागोपाठ दोन रविवार अभिरूप न्यायालय भरवले. वाद काल्पनिक, मुले-मुली तेरा ते सतरा वर्षांची. पहिला आक्षेप आला तो आपल्याच माणसांकडून. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारले, "आपल्या पोरांना मालकाचा वकील कशाला करता? उद्या ती खरोखर त्याच बाजूला जाऊन बसली तर?" प्रश्न रागाने विचारलेला असला तरी खोटा नव्हता. त्याला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. आज देतो आहोत.

आधी वाद सांगतो. मिरज सतारी-तंबोऱ्यांचे गाव, म्हणून वादही तंबोऱ्याचाच रचला. यातले दुकान, मालक, कामगार, सगळे कागदावरचे. खऱ्या कुणाशी संबंध नाही. एका वाद्यांच्या दुकानात एकोणीस वर्षांचा मदतनीस महिना ९,००० रुपयांवर काम करतो. दुरुस्तीला आलेल्या तंबोऱ्याचा भोपळा एका मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला तडकलेला आढळतो. मालक म्हणतो, "तूच पाडलास", आणि पगारातून ६,००० रुपये कापतो. मुलगा म्हणतो, मी हातही लावला नाही. कापलेले पैसे मिळावेत म्हणून तो दावा लावतो.

पुरावा आम्ही मुद्दाम थोडा ठेवला. मालकाने तंबोरा ताब्यात घेताना काढून गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला एक फोटो. मिरज स्टेशनच्या पार्सल खिडकीवरची ४ वाजून २० मिनिटांची पावती, तिच्यावर मदतनिसाची सही. दुकानासमोरच्या चहावाल्याचा लेखी जबाब: "चार ते साडेचारच्या दरम्यान दुकानातून काहीतरी पडल्याचा मोठा आवाज आला." आणि दुकानापासून स्टेशन सायकलने पंधरा मिनिटे, हे दोन्ही बाजूंना मान्य.

आता उभे राहून बोलायची वेळ आली. मदतनिसाची वकील झालेली मुलगी नववीतली, हुशार, जयंतीच्या व्यासपीठावर टाळ्या घेणारी. तिने आपल्याच साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारला, "तू चार वाजता स्टेशनवर होतास ना?" न्यायाधीश झालेल्या मुलाने तिला थांबवले. ज्या प्रश्नातच उत्तर ठेवलेले असते तो सूचक प्रश्न, आणि आपल्या साक्षीदाराच्या सरतपासणीत तो चालत नाही. "चार वाजता तू कुठे होतास?" असे विचारावे लागते. ती गोंधळली. व्यासपीठावर आपण लोकांना काय वाटावे ते सांगतो. इथे साक्षीदाराने सांगायचे असते आणि वकिलाने गप्प राहायचे असते. हे गप्प राहणे तिला सगळ्यात जड गेले.

मग चहावाला आला. ही भूमिका एका आठवीतल्या मुलाकडे होती. मालकाच्या वकिलाने विचारले, "काय झालं?" तो म्हणाला, "पोरानं तंबोरा पाडला." उलटतपासणीला आपली मुलगी उठली.

"तुम्ही पाडताना पाहिलंत?"

"नाही. आवाज ऐकला."

इथेच तिने खाली बसायला हवे होते. साक्षीदाराने स्वतः पाहिलेले किंवा स्वतः ऐकलेले तेवढेच तोंडी पुराव्यात धरायचे, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ५५ मध्येही आहे. "पोरानं पाडला" हा चहावाल्याचा अंदाज, तो गळून पडला होता. पण तिला जिंकल्याचा आनंद झाला आणि तिने आणखी एक प्रश्न विचारला: "मग तोच होता असं तुम्हाला का वाटलं?"

"कारण आवाज झाल्याबरोबर तो घाबरलेल्या तोंडानं बाहेर आला."

सभागृह शांत. "का" हा प्रश्न विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला विचारला की दार आपण उघडून देतो आणि मग तो हवे ते घेऊन आत येतो. मुरलेले वकीलही इथे घसरतात, ती तर चौदा वर्षांची.

पण त्या उत्तरात एक गोष्ट होती, जी तिला दिसली नाही आणि पुढच्या रविवारपर्यंत आम्ही सांगितलीही नाही. घाबरलेले तोंड चहावाल्याच्या लेखी जबाबात कुठेच नव्हते. आमच्या त्या आठवीतल्या पठ्ठ्याने ते जागेवर रचले होते! आधीच्या जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट साक्षीदार कोर्टात पहिल्यांदा सांगतो, त्याला वकील मंडळी "ओमिशन" म्हणतात. ती दाखवायची एक रीत आहे. आधी विचारायचे, हा जबाब तुमचाच ना? सही तुमचीच ना? घटना ताजी असताना दिलात ना? तिन्हीला "हो" आले की मगच, घाबरलेल्या तोंडाचा उल्लेख यात कुठे आहे ते दाखवा. क्रम चुकला तर साक्षीदार सावध होतो आणि म्हणतो, "लिहिणाऱ्यानं लिहिलं नसेल."

मित्रांनो, हे शेवटचे वाक्य तुम्ही कुठे ऐकले आहे का? आम्ही ऐकले आहे, आपल्याच खऱ्या साक्षीदारांच्या तोंडून. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात जातिवाचक अपमान सार्वजनिक दृष्टिपथात झाला हे सिद्ध करावे लागते. नेमके कोणते शब्द, कोणत्या जागी, कोण कोण हजर होते, हे फिर्यादीत नसेल आणि दोन-तीन वर्षांनी साक्षीत पहिल्यांदा आले, तर बचावाचा वकील हेच करतो जे आम्ही मुलांना शिकवत होतो. माणूस खरे बोलत असतो आणि तरी खोटा ठरतो. म्हणून फिर्याद वाचून दाखवायला लावणे, मग सही करणे, आणि प्रत मोफत मागून घेणे (ती मिळणे हा फिर्यादीचा हक्क आहे) याला आम्ही मोर्चाइतकेच काम समजतो.

दुसऱ्या रविवारी मालकाच्या वकिलाने आम्ही मुद्दाम कागदात पेरलेले वाक्य उच्चारले: "महोदय, त्या वस्तीतली पोरं निष्काळजीच असतात." आपली मुलगी लाल झाली. तिने दोन मिनिटे भाषण केले, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. न्यायाधीशाने शांतपणे विचारले, "तुमचा आक्षेप काय आहे?" तिला सांगता आला नाही. आक्षेप एका वाक्याचा असतो: दिवाणी दाव्यात एखाद्याच्या स्वभावावरून त्याने अमुक कृत्य केले असे सिद्ध करता येत नाही, हे विधान गैरलागू आहे, नोंदीतून काढावे. बस. राग बरोबर असतो, पण नोंदीत जातो तो आक्षेप. राग नोंदवायला न्यायालयाकडे रकानाच नाही. दुसऱ्या प्रयत्नात तिने ते अकरा सेकंदांत सांगितले. आम्ही घड्याळ लावले होते.

फोटोवरून छान भांडण झाले. मालकाचा वकील म्हणाला, तंबोरा आला तेव्हा धड होता, हा पाहा फोटो. मुलीने फोटो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "तडा कुठे आहे?" "भोपळ्याच्या मागच्या बाजूला." "आणि फोटो कुठल्या बाजूचा?" समोरचा, तबली, घोडी, दांडी दिसत होती, भोपळ्याची पाठ नाही. दोन प्रश्न, आणि ती खाली बसली. या वेळी "का" विचारला नाही. (खऱ्या कोर्टात छापलेला स्क्रीनशॉट एवढ्या सहज वाचला जात नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यासोबत प्रमाणपत्र लागते. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा.)

आता निकाल. तीन मुलांच्या पीठाने पहिल्यांदा लिहिले: "मदतनीस गरीब आहे, मालक श्रीमंत आहे, म्हणून पैसे परत द्यावेत." टाळ्या पडल्या. आम्ही निकालपत्र परत केले आणि पुन्हा लिहायला सांगितले. ते आमच्या काहींना आवडले नाही. पण गरीब म्हणून जिंकवणारा न्यायाधीश उद्या त्याच तोंडाने "वस्तीतला" म्हणून हरवू शकतो. दोन्ही वेळा त्याने पुरावा पाहिलेला नसतो.

या ठिकाणी आम्ही मुलांना महाडची दुसरी बाजू सांगितली. चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना पाठ असतो, दावा कुणाला ठाऊक नसतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला, बाबासाहेब त्यात प्रतिवादी. तळे आमचे आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असे वादींचे म्हणणे. तात्पुरता मनाई हुकूमही निघाला, आणि २५ डिसेंबरला जमलेल्या हजारो लोकांसमोर तळ्यावर जाणे स्थगित करावे लागले. दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत चालला. १७ मार्च १९३७ ला निकाल लागला तो कुणाच्या दयेवर नव्हे. तळे नगरपालिकेचे होते आणि ती रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. जो हक्क सांगतो त्याने सिद्ध करायचे. सिद्ध झाले नाही, संपले.

मुलांनी मग आपल्या दाव्यात तोच प्रश्न विचारला: सिद्ध कुणी करायचे? पैसे कापले मालकाने. नुकसानीसाठी वेतन कापायचे तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीमुळेच थेट झालेले असावे आणि कपातीआधी त्याला म्हणणे मांडू द्यावे, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते. म्हणजे भार मालकावर. मालक झालेल्या मुलाने उलटतपासणीत "त्याला विचारलंत का?" यावर झटकन उत्तर दिले होते, "विचारायचं काय त्यात?" अर्धा दावा तिथेच संपला होता आणि आम्हा मोठ्यांपैकी कुणाच्या ते लक्षातही आले नव्हते.

दुसरा निकाल दोन विरुद्ध एक. बहुमताने ६,००० रुपये परत. वेगळे मत देणाऱ्या मुलीने लिहिले की पावती ४.२० ची असली तरी मदतनीस ४ वाजून ५ मिनिटांपर्यंत दुकानात असू शकतो, आणि आवाज ४ ला झाला असेल तर पावतीने काहीच सिद्ध होत नाही. हिशोब तिचा अचूक होता. आवाजाची वेळ पक्की करून घ्यायला दोन्ही वकील विसरले होते. ही मुलगी मदतनिसासारख्याच घरातून येते. तिचे वडील हातगाडी ओढतात.

आमच्या ज्येष्ठ मित्राला उत्तर तिच्या कागदात आहे. मालकाची बाजू मांडलेल्या पोरालाच आपल्या बाजूचे भोक पहिल्यांदा दिसते. ते विरोधी वकिलाला कोर्टात दिसण्यापेक्षा आपल्याला अभ्यासिकेत दिसलेले बरे.

सतरंज्या गुंडाळताना चहावाला झालेला मुलगा आमच्याजवळ आला. म्हणाला, "दादा, माझी शेगडी कुठल्या बाजूला तोंड करून आहे, हे कुणी विचारलंच नाही. तुमच्या नकाशात ती भिंतीकडे आहे. मला दुकान दिसतच नव्हतं."