महिन्यातला पाचवा रविवार

महिना 28 दिवसांचा असो वा 31 चा, त्यात प्रत्येक वार चार वेळा येतोच, कारण 28 दिवस म्हणजे नेमके चार आठवडे. प्रश्न उरतो तो पाचव्यांदा येणाऱ्या वारांचा. महिन्याच्या दिवसांना सातने भागले की 31 मधून बाकी 3 उरते, 30 मधून 2, लीप वर्षाच्या फेब्रुवारीतून 1 आणि साध्या फेब्रुवारीतून शून्य. जितकी बाकी, तितके वार त्या महिन्यात पाच वेळा येतात.

ते वार कोणते, हे पहिल्या तारखा सांगतात. 29 तारखेला 1 तारखेचाच वार येतो, 30 ला 2 चा, 31 ला 3 चा. म्हणून 31 दिवसांच्या महिन्यात पाच रविवार हवे असतील तर 1 तारीख शुक्रवारी, शनिवारी किंवा रविवारी पडायला हवी. महिना 30 दिवसांचा असेल तर शनिवार आणि रविवार एवढेच पर्याय राहतात.

1 तारखेचा वार ठाऊक नसला तरी अडत नाही; महिन्यातल्या कोणत्याही एका तारखेचा वार पुरतो. 26 जानेवारी 1950 हा गुरुवार होता. 26 ला सातने भागून बाकी 5, म्हणून 5 जानेवारीलाही गुरुवारच. तिथून चार दिवस मागे गेले की 1 जानेवारीला रविवार येतो. अर्थात त्या जानेवारीत रविवार, सोमवार आणि मंगळवार पाच-पाच वेळा आले. रविवारच्या तारखा 1, 8, 15, 22 आणि 29. चूक होते ती इथेच: 5 वरून 1 वर येताना पाच दिवस मागे जायचे नसते, चारच. बाकी शून्य आली तर मात्र ती 7 तारीख धरावी, म्हणजे सहा दिवस मागे.

महिन्याच्या दिवसांची बाकी पुढच्या महिन्यातही नेते. जानेवारीची बाकी 3, म्हणून 1 फेब्रुवारी 1950 चा वार रविवारपासून तीन पुढे, बुधवार. 1950 हे लीप वर्ष नसल्याने फेब्रुवारीची बाकी शून्य, आणि 1 मार्चलाही बुधवारच.

पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार असलेला महिना 823 वर्षांतून एकदाच येतो, असा संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरतो. तो खोटा आहे. 31 दिवसांचा महिना शुक्रवारी सुरू झाला की हे आपोआप घडते. 15 ऑगस्ट 1947 ला शुक्रवार होता. 15 ची बाकी 1, म्हणजे 1 ऑगस्टलाही शुक्रवार. त्या महिन्यात हे तिन्ही वार पाच-पाच वेळा आले. असा पुढचा महिना यायला 823 वर्षे लागली नाहीत, चौदा महिने पुरले: 1 ऑक्टोबर 1948 लाही शुक्रवारच होता.