एकच निबंध, दोन डिटेक्टर, दोन निकाल. मग खरं कोणाचं?

समजा, कॉलेजातल्या मुलानं इंग्रजीत प्रोजेक्ट लिहिला. एका वेबसाइटवर तपासला तर '८० टक्के एआय', दुसरीवर '१० टक्के'. एक शब्दही बदललेला नाही. मग चुकतंय कोण?

मुळात मजकूर कोणी लिहिला, हे डिटेक्टरला दिसतच नाही. तो अंदाज बांधतो. एआय बहुतेकदा अपेक्षित शब्दच पुढे ठेवतं. त्यामुळे पुढचा शब्द सहज ओळखता येईल अशी सरळ वाक्यं दिसली, की डिटेक्टरला संशय येतो. पण प्रत्येक डिटेक्टर वेगळ्या मजकुरावर शिकलेला असतो आणि 'इथून पुढे एआय' ही रेघही प्रत्येकाची वेगळी. शिवाय टक्क्यांचा अर्थही एक नाही. टर्निटिनचे टक्के म्हणजे मजकुराचा किती भाग एआयचा वाटतो ते. काही डिटेक्टरांचे टक्के म्हणजे एआयनं लिहिलं असण्याची शक्यता. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

मग चार-पाच ठिकाणी तपासून बहुमत धरावं का? तेही धोक्याचंच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी टोफेल या इंग्रजी परीक्षेचे ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. सगळे माणसांनी लिहिलेले, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी. तरी ८९ निबंधांना निदान एका डिटेक्टरनं एआयचं ठरवलं आणि १८ निबंधांवर तर सातही जणांचं एकमत झालं! अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र बहुतेक बरोबर ओळखले गेले. परक्या भाषेत माणूस साधे, ठरावीक शब्द वापरतो, तेच त्याच्या अंगाशी आलं. मराठी शाळेतून आलेल्या मुलाच्या इंग्रजीलाही हाच धोका आहे.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंही २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला होता. कंपनीच्याच चाचणीत त्यानं एआयचा २६ टक्केच मजकूर पकडला आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारला. याच हिशेबानं १०० मुलांच्या वर्गात १० जणांनी एआय वापरलं असेल, तर सापडतील दोन-तीन आणि उरलेल्या ९० प्रामाणिक मुलांपैकी आठेक नाहक अडकतील. म्हणजे पकडलेल्यांत निर्दोषच जास्त. सहा महिन्यांत कंपनीनं तो बंद केला.

म्हणून एकट्या आकड्यावर, मग तो जास्त असो वा कमी, निकाल देता येत नाही. कमी टक्के आले म्हणजे मजकूर स्वतःचा, असंही नाही. वाक्यं थोडी फिरवली तरी डिटेक्टर फसतो. आकडा फक्त चौकशीला निमित्त. खरा पुरावा म्हणजे कच्ची वही, गूगल डॉक्समध्ये तारखेनिशी राहणारा बदलांचा इतिहास, आणि समोर बसवून विचारलेले दोन प्रश्न: हा मुद्दा कुठून घेतला, आणि असं का लिहिलं? ज्यानं स्वतः लिहिलंय, त्याला हे सांगता येतं.