तेरीज जुळली, पण नोंद राहिली



चर्नी रोडच्या बागेत एकटाच अभ्यास करीत बसणाऱ्या भीमरावाची केळुसकर गुरुजींनी आपणहून चौकशी केली आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. तोच धागा धरून आमच्या विहारात एक उपक्रम चालतो. दहावी झालेल्या एका विद्यार्थ्यामागे नोकरी करणारा एक माणूस, जून ते मे असे एक वर्ष. महिन्यातून दोन रविवार बसायचे आणि वहीत नोंद ठेवायची. मे महिन्यातल्या शेवटच्या बैठकीत त्या माणसाने आपल्या विद्यार्थ्याला एक पत्र वाचून दाखवायचे आणि त्याच्या हवाली करायचे, असा नियम आहे.

हा नियम का केला, ते सांगतो. पूर्वी वर्ष संपले की भेटी आपोआप बंद पडत. मग मुलाला वाटे, माझे काही चुकले म्हणून काका येत नाहीत. नाहीतर उलट वाटे, काकांचे उपकार झाले, आता त्यांच्या शब्दाबाहेर जाता येणार नाही. दोन्ही गोष्टी वाईट. म्हणून काय झाले, काय राहिले आणि उद्यापासून काय बदलणार, हे स्पष्ट लिहून द्यायचे ठरले. मे २०२५ मध्ये मी वाचलेले पत्र त्या मुलीच्या आणि तिच्या आईच्या संमतीने येथे देत आहे. नाव गाळले आहे.

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद व जयभीम.

आज आपली चोविसावी बैठक. मी कारकून माणूस, म्हणून वर्षाचा हिशेब मांडतो. आधी जमेची बाजू.

नोव्हेंबरमध्ये तू पुस्तपालनाचे एक उदाहरण घेऊन आली होतीस. तेरीजपत्रकाच्या दोन बाजूंत ५४० रुपयांचा फरक येत होता आणि तू दोन तास सगळ्या बेरजा पुन्हा पुन्हा करीत बसली होतीस. मी तुला उत्तर सांगितले नाही, फक्त शोधण्याचा क्रम सांगितला. आधी ५४० ची एखादी रक्कम लिहायची राहिली आहे का ते पाहा. नसेल तर त्याची निमपट करा. २७० ची रक्कम नावेऐवजी जमेला गेली असेल तर फरक दुप्पट दिसतो. तेही नसेल तर फरकाला ९ ने भागा. बाकी शून्य आली तर कुठे तरी दोन आकडे उलटसुलट झाले असण्याचा संशय घ्या. ५४० ला ९ ने भाग गेला. तू खतावणी उघडलीस आणि पंधरा मिनिटांत सापडले, की भाड्याचे १,२८० रुपये तू १,८२० लिहिले होतेस. ते तू स्वतः शोधलेस. त्यानंतर डिसेंबरमध्ये दोन मैत्रिणींना हाच क्रम तू समजावून दिलास, तोही मी शेजारी नसताना. वर्षाच्या जमेला मी ही नोंद सर्वांत वर धरतो.

आता माझी चूक. ती तुला नीट कळावी म्हणून पुन्हा तेरजेकडेच येतो. मी तुला तेव्हाच बजावले होते, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे समजू नकोस. एखादा व्यवहार कीर्दीतच लिहिला नाही, तर तो नावे बाजूलाही येत नाही आणि जमा बाजूलाही येत नाही. दोन्ही बेरजा सारख्या येतात आणि चूक मात्र आत बसून राहते.

हे तुला शिकवले आणि मी स्वतः विसरलो. जानेवारीतल्या दोन्ही बैठकांची माझी वही पाहा. अभ्यास चालू, होय. कॉलेजला जातेस, होय. शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर, होय. सगळीकडे बरोबरच्या खुणा. प्रत्यक्षात तुझी आई टायफॉइडने पडली होती. तिची धुण्याभांड्यांची दोन कामे सुटू नयेत म्हणून सकाळी कॉलेज सोडून तू तिच्या जागी जात होतीस. तीन आठवडे तुझी हजेरी लागली नाही. माझे प्रश्नच असे होते, की त्यांचे उत्तर "होय काका" एवढेच देता येईल. सकाळी उठल्यापासून काल काय काय केलेस, असे एकदा विचारले असते तर सगळे कळले असते.

खूण तर वहीतच होती. डिसेंबरपर्यंत तू दर बैठकीला चार-पाच शंका लिहून आणत होतीस. जानेवारीत एकही नाही. मला वाटले, पोरीला आता सगळे येऊ लागले. अभ्यास करणाऱ्याच्या शंका संपत नसतात, बाळ. शंका एकाएकी थांबल्या तर अभ्यास थांबला असे समजावे, हे मी या वर्षात शिकलो. पुढच्या मुलाच्या वेळी मी हेच पहिल्यांदा पाहणार आहे.

शेवटी फेब्रुवारीत तुझ्या मैत्रिणीने येऊन मला सांगितले. तू तिच्यावर आठवडाभर रुसलीस. पण ती आली म्हणून महिला मंडळाच्या बायकांनी ती दोन कामे आळीपाळीने सांभाळली आणि तू कॉलेजला परत गेलीस.

दुसरी चूक शिष्यवृत्तीची. पैसे आले का, असे मी विचारले. तू म्हणालीस, अजून नाही. मी म्हणालो, येतील. न पाहता बोललो. मैत्रीण येऊन गेल्यावर आपण महाडीबीटीच्या संकेतस्थळावर पाहिले, तर रक्कम केव्हाच जमा झालेली. जूनमध्ये तू नवे खाते काढलेस, तिथे आधारची प्रत दिलीस, म्हणून आपण दोघे निर्धास्त होतो. पण ओळखीसाठी आधार देणे वेगळे आणि सरकारी पैसे येण्यासाठी खाते आधारशी जोडणे वेगळे. त्यासाठी बँकेत स्वतंत्र संमतीचा अर्ज द्यावा लागतो. जे खाते शेवटी जोडलेले असते त्यात पैसे जातात. तुझे जोडलेले खाते होते शाळेत आठवीला काढलेले. ते पासबुक ट्रंकेत पडले होते. नोंद करून आणली तेव्हा रक्कम सापडली. आई आजारी असताना घरात पैसा नव्हता आणि तुझाच पैसा बँकेत पडून होता. हा दोष माझ्याकडे.

आता पुढे काय राहिले ते. तुझ्या उत्पन्नाच्या दाखल्यावर ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध असे छापले आहे, म्हणजे तो संपला. बारावीच्या प्रवेशाची धांदल सुरू होण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात नवा काढ. शिष्यवृत्तीच्या अर्जाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, ते आपोआप होत नाही. अर्ज भरल्यावर दर पंधरा दिवसांनी उघडून पाहा, कारण काही त्रुटी निघाली तर तो परत तुझ्याकडे येतो आणि मुदतीत दुरुस्त केला नाही तर तिथेच राहतो. यंदा हे सगळे मी तुझ्या शेजारी बसून केले. पुढच्या वर्षी तू एकटीने करायचे आहेस.

उद्यापासून आपल्या रविवारच्या बैठका बंद. तू काही चुकलीस म्हणून नव्हे, वर्ष संपले म्हणून. यापुढे अडलीस तर तीन दारे आहेत. हिशेबाची अडचण असेल तर कॉलेजातले तुझे सर. मार्चमध्ये त्यांना तू स्वतः जाऊन शंका विचारलीस, म्हणजे ते दार उघडले आहे. अर्जाची अडचण असेल तर कॉलेज कार्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावरच्या बाई. घरची अडचण असेल तर महिला मंडळाच्या अध्यक्षा. यांतले कुठलेही दार उघडले नाही तर मी चौथा. मुद्दाम चौथा म्हणतो. पहिला असतो तर तू माझ्यावरच टेकून राहिली असतीस.

माझे उपकार झाले असे मनात आणू नकोस. सणासुदीला मला भेटायला आलेच पाहिजे असे नाही. वाटले तर ये, चहा घेऊ. तुझा निर्णय माझ्या मतापेक्षा वेगळा झाला तरी मला तोंड चुकवू नकोस.

कुसिनारा येथे दोन शालवृक्षांमध्ये तथागत शेवटच्या शय्येवर होते, तेव्हा त्यांनी भिक्खूंना तीन वेळा विचारले, की कोणाला काही शंका आहे का. सगळे गप्प राहिले. तेव्हा तथागत म्हणाले, की शास्त्याच्या आदरापोटी विचारवत नसेल तर मित्राने मित्राला सांगावे. आदरामुळेही माणूस गप्प बसतो हे त्यांनी ओळखले होते. तुझी मैत्रीण फेब्रुवारीत माझ्याकडे आली ते चहाडी करायला नव्हे. तिने हेच केले. तिला सोडू नकोस, आणि तिच्यावर वेळ आली तर तूही असेच कर.

तुझा,
काका

पत्र इथे संपले. वाचून झाल्यावर मी तिला विचारले, काही शंका? ती मान खाली घालून बसली. दुसऱ्यांदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले. काही नाही काका, म्हणाली. शेजारी तिची ती मैत्रीण बसली होती. ती म्हणाली, "काका, ती सांगणार नाही, मी सांगते. तुम्ही वर्षभर बी.कॉम., बी.कॉम. म्हणताय. तिला वकील व्हायचंय."

मी स्वतः बी.कॉम. झालो, त्यामुळे ती दुसरे काही करील हे माझ्या मनातच आले नव्हते. चोवीस बैठका झाल्या आणि एकदाही विचारले नाही. कीर्दीतच न लिहिलेली नोंद ती हीच. बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम असतो, त्याची वेगळी प्रवेश परीक्षा असते आणि तिला वाणिज्य शाखा चालते, एवढे मला ठाऊक होते. तेवढे मी पत्राच्या खाली पेनने लिहून दिले. त्यापुढचे मला ठाऊक नाही, म्हणून वस्तीतल्या एका वकील भगिनीकडे तिला घेऊन गेलो. पत्रात तीन दारे लिहिली होती, त्यांत आता एक वाढले आहे. मी पाचवा झालो.

जयभीम.