सोळा आणि चौदा मात्रांचा हिशेब



पर्युषणापूर्वी कळमना बाजारातील एक धान्याचे अडते माझ्याकडे आले. त्यांच्या दिवंगत मातोश्रींच्या वहीतील एका पानाचे छायाचित्र त्यांनी मोबाइलवर आणले होते. मातोश्रींचे माहेर राजनांदगावचे, त्यामुळे त्यांनी स्वतः जुळवलेली पदे हिंदीत होती. घरातील सुना यवतमाळ आणि वाशीमच्या, नातवंडे मराठी शाळेतील. क्षमापनेच्या दिवशी महिला मंडळाने हे पद मराठीत, पण त्याच चालीवर म्हणावे, अशी त्यांची इच्छा होती. जाता जाता ते म्हणाले, "साहेब, त्या दिवशी थोरले भाऊही येतील. चार वर्षे आमचे बोलणे नाही." बँकेत असताना मी अनेक कागद तपासले; पण या कागदाची जोखीम वेगळी होती.

छायाचित्रावरून काम करताना पहिली अडचण भाषांतराची नसते, वाचनाची असते. वही मध्ये दुमडलेली होती आणि उजवीकडची अक्षरे शिवणीत गेली होती. शिवाय कागदावरील ओळ ही गाण्याची ओळ नसते. पानाची रुंदी संपली की लिहिणारा खाली येतो. येथे पहिली ओळ 'माल' या शब्दावरच तुटलेली होती. म्हणून मी आधी अडत्यांना ते पद गुणगुणून दाखवायला सांगितले. चाल ओळखीची निघाली. पं. जुगलकिशोर मुख्तार यांची 'मेरी भावना' आपल्याकडे ज्या चालीवर म्हणतात, तीच ही चाल. तिच्या प्रत्येक ओळीचे दोन भाग असतात; पहिला १६ मात्रांचा, दुसरा १४ मात्रांचा. केरव्याच्या आठ मात्रांच्या दोन आवर्तनांत पहिला भाग बसतो. दुसऱ्या भागाच्या अखेरीस दोन मात्रांची विश्रांती मिळते आणि तीही दोन आवर्तने भरतात.

मात्रा मोजण्याचा नियम शाळेत सर्वांनी शिकलेला असतो. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन; ऱ्हस्व अक्षरावर उच्चारित अनुस्वार असेल किंवा त्याच्या पुढे आघात देणारे जोडाक्षर असेल तर त्याच्याही दोन. 'तुम्ही' या शब्दात 'म्ही'चा आघात 'तु'वर येत नाही, म्हणून तेथे 'तु' एकच मात्रा घेतो. ओवी आणि अभंगात अक्षरे मोजतात. विनोबांची 'गीताई' १९३० च्या ऑक्टोबरपासून १९३१ च्या फेब्रुवारीपर्यंत लिहिली गेली. तिच्या बहुतेक श्लोकांत चरणाची आठ अक्षरे सांभाळलेली आहेत. आपल्या स्तवनांच्या अशा चालींना मात्र अक्षरांची संख्या पुरत नाही, मात्राच मोजाव्या लागतात.

ही मोजणी वाचनाच्या वेळीही उपयोगी पडते. छायाचित्रातील पहिली ओळ मी अशी वाचली होती: 'दीन भर तोला माल जगत का, अपना मन कब तोले'. अर्थ लागत होता, व्याकरण बिघडत नव्हते. पण पहिल्या भागाच्या मात्रा १७ झाल्या आणि दुसऱ्याच्या १२. रोकड जुळली नाही म्हणजे कोठेतरी नोंद चुकली आहे. 'दीन' हे लिहिण्यातील दीर्घत्व होते, मूळ शब्द 'दिन'. एक मात्रा तेथे कमी झाली. दुसऱ्या भागात दोन मात्रा हव्या होत्या आणि खालच्या ओळीचा शेवट 'खोलेगा' असा स्पष्ट दिसत होता. म्हणजे शिवणीत 'गा' हे अक्षर गेले होते. अडत्यांनी घरी जाऊन वही उघडून पाहिली, 'गा' तेथे होता. पाठ असा ठरला:

दिन भर तोला माल जगत का, अपना मन कब तोलेगा
बंद पड़ी है गाँठ बैर की, किस दिन उसको खोलेगा

आता मराठी. सरळ अर्थ लिहून पाहिला: 'दिवसभर जगाचा माल तोलला, स्वतःचे मन कधी तोलशील'. यात पहिला भाग १८ मात्रांचा आणि दुसरा १६ मात्रांचा होतो. हिंदीचे 'दिन भर' चार मात्रांत आटोपते, आपल्या 'दिवसभर'ला पाच लागतात. 'है'च्या दोन मात्रा, 'आहे'च्या चार. मराठी क्रियापदांची रूपे लांब असतात आणि नेमकी ओळीच्या शेवटी, यमकाच्या जागी येतात. म्हणून काटछाट शेवटापासून सुरू करावी, असा माझा अनुभव आहे. आधी शेवटच्या सहा मात्रा ठरवाव्यात, मग मागे यावे.

मुळात 'तोलेगा' म्हणजे तीन दीर्घ अक्षरे. मराठीत 'तोलावे' ही तशीच तीन दीर्घ अक्षरे आहेत. त्यामागे आठ मात्रा उरतात: 'मन अपुले कधि'. येथे 'कधी'चा 'कधि' आणि 'आपुले'चा 'अपुले' केला आहे. कवितेला ही सूट आहे, पण एका ओळीत दोनपेक्षा अधिक सवलती घेतल्या की ओळ उधारीवर चालल्यासारखी वाटते. पहिल्या भागासाठी प्रथम लिहिले: 'दिवसभरी जग तोलुन झाले'. सोळा मात्रा, गायला गुळगुळीत. अडत्यांनी ऐकताच विचारले, "साहेब, माल कुठे गेला?" प्रश्न बरोबर होता. तराजूशी आयुष्य गेलेल्या घरातील त्या बाई. त्यांच्या ओळीतून 'माल' काढला तर ती कोणाचीही ओळ होते. 'जगत' गेले तरी चालेल, 'माल' जाता कामा नये. मग ओळ अशी झाली: 'दिवसभरी हा माल तोलला'. 'दिवसभरी'च्या सहा, 'हा'च्या दोन, 'माल'च्या तीन, 'तोलला'च्या पाच, एकूण सोळा. नंतर ध्यानात आले की मुळात 'माल' नवव्या मात्रेवर उभा होता आणि येथेही तो नवव्यावरच आला आहे. म्हणताना जोर त्याच ठिकाणी पडतो.

ही नववी मात्रा फार महत्त्वाची आहे, कारण दुसरे आवर्तन तेथून सुरू होते. याच पदाच्या पुढच्या कडव्यात 'मुनि की वाणी मन में रख ले' असा भाग आहे. त्याचे मराठी मी प्रथम 'मुनींची वाणी मनात ठेव' असे केले. मोजून पाहावे: पाच, चार, चार, तीन. सोळा पुरे! तरीही चालीवर म्हणताना मंडळातील भगिनी अडखळल्या. बोट लावून मोजल्यावर कारण कळले. 'वाणी'तील 'णी' आठव्या मात्रेवर सुरू होतो आणि नवव्यावर संपतो. टाळी नवव्यावर पडते तेव्हा कोणतेच अक्षर सुरू होत नसते. गाणारी एक तर 'णी' तोडते, नाहीतर टाळी चुकवते. मूळ दोष 'मुनींची' या शब्दात आहे. हिंदीत 'मुनि' दोन मात्रांचा. मराठी शुद्धलेखनात शेवटचा इकार दीर्घ, म्हणून 'मुनी' तीन मात्रांचा. आपल्या स्तवनांत मुनी, गुरू, भक्ती हे शब्द पावलोपावली येतात आणि तेथे प्रत्येक वेळी एक मात्रा वाढून सारी ओळ पुढे सरकते. यावर उपाय समासाचा. समासात 'मुनि' ऱ्हस्वच राहतो. 'मुनिवर वाणी ठेव अंतरी' असे केले. चार, चार, तीन, पाच. 'ठेव' नवव्या मात्रेवर आला आणि अडखळणे थांबले. पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर मात्र एवढी कडक शिस्त लागत नाही. 'माल तोलला' यात 'तो' बाराव्यावर सुरू होऊन तेराव्यावर जातो. मुळातील 'गाँठ बैर की'चीही तीच चाल आहे आणि ती कानाला गोड लागते.

दुसऱ्या ओळीने अधिक दिवस घेतले. नागपूरकडे आपण बोलताना 'गाठ खोल' म्हणतो, पण लिहिताना गाठ सोडतात. म्हणून 'तोल' आणि 'खोल' हे नेटके यमक हाती लागत नाही. 'तोलावे' आणि 'सोडावे' यांवर समाधान मानावे लागले. त्यातही 'गाठ' स्त्रीलिंगी, तिच्याशी 'सोडावी' जुळते, 'सोडावे' नाही. तेव्हा सोडायची वस्तू गाठीऐवजी 'वैर' ही केली, कारण वैर नपुंसकलिंगी आहे: 'गाठ बांधुनी वैर ठेविले'. मराठीने येथे एक लाभही दिला. 'सोडणे' हे क्रियापद गाठीलाही लागते आणि वैरालाही.

शेवटच्या भागासाठी मी 'आज तरी ते सोडावे' लिहिले होते. मात्रा चौदा, प्रसंग क्षमापनेचा, भाऊ समोर बसणार. मला वाटले, याहून योग्य काय असेल? अडते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आईने विचारले आहे, साहेब. सांगितलेले नाही. हे मी लिहून घेतले असे दादांना वाटेल." त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागले. मुळात 'किस दिन' हा प्रश्न आहे. मी त्याचा उपदेश केला होता, आणि तोही एका पक्षाच्या वतीने. मात्रा जुळल्याच्या समाधानात वाक्याचा सूर बदलल्याचे मला कळलेच नाही. शेवटी ओळी अशा स्थिरावल्या:

दिवसभरी हा माल तोलला, मन अपुले कधि तोलावे
गाठ बांधुनी वैर ठेविले, सांग कधी ते सोडावे

'सांग' हा शब्द मुळात नाही, तो भरतीचा आहे हे कबूल करतो. पण तीन मात्रांची ती भरती प्रश्न राखते.

सरावात एक नवी अडचण आली. भगिनी सवयीने 'मन आपुले' म्हणू लागल्या. एक मात्रा वाढली आणि 'तोलावे'चा 'तो' टाळीच्या मागे पडला. छापील कागदावर 'अपुले' ठळक केले तेव्हा ते सुटले.

एकेक प्रत दोन्ही घरी पाठवली होती. दोन दिवसांनी थोरल्या भावांचा मला फोन आला. चाल बरोबर आहे, पण आई 'किस दिन'नंतर थोडी थांबत असे, तुमच्या मंडळाच्या सरावात ते थांबणे ऐकू येत नाही, असे ते म्हणाले. सराव त्यांनी कोठे ऐकला, हे मी विचारले नाही. त्यांनी फोनवरच ती ओळ म्हणून दाखवली. 'किस दिन' चार मात्रांत संपते, आपले 'सांग कधी' सहा मात्रांत; म्हणून थांबण्याची जागा दोन मात्रा पुढे सरकवावी लागली आणि त्यासाठी तबलजींना त्या ठिकाणी ठेका धरून ठेवायला सांगितले. बदललेली प्रत मी त्याच संध्याकाळी दोन्ही घरी पुन्हा पाठवली.