फौजी हिंदी आणि बायको

‘प्रेमाला भाषा नसते,’ हे वाक्य मेसमध्ये जो कोणी म्हणतो, त्याची बायको बहुतेक त्याच्याच तालुक्यातली असते. माझी लखनौची आहे. म्हणून सांगतो, प्रेमाला भाषा असते, व्याकरणही असतं, आणि ते चुकलं तर शिक्षाही होते.

आम्हा मराठी अधिकाऱ्यांचा एक गोड गैरसमज असतो, की हिंदी आपल्याला येते. खडकवासल्याला तीन वर्षं रगडा खाताना आम्ही जी शिकलो आणि पुढे युनिटमध्ये जी पक्की झाली, ती फौजी हिंदी. तीत लिंग नसतं, ‘सब लोग टाइम पे आएगा’ म्हटलं की हुकूम पोचतो. हुकमासाठी ती उत्तम आहे, पण लाडीगोडीसाठी तिच्याइतकं निकामी हत्यार नाही.

पुरावा माझाच देतो. लग्नाला सहा महिने झाले होते, मी पुढच्या चौकीवर होतो. आठवड्यातून एकदा खाली उतरलो की मोबाइलला रेंज मिळायची. मोठ्या रंगात येऊन मी लिहिलं, ‘क्या बाईसाहेब, तू कब आएगी? तेरा आवाज़ सुनने को कान तरस गया. इधर आ, फिर देख कैसी शिक्षा देता हूँ.’

मराठी डोक्याने वाचा, काही चुकलेलं नाही. आता लखनौच्या कानाने ऐका. मराठीत ‘तू’ म्हणजे जवळीक, तिच्या घरात नवरा बायकोला ‘तुम’ किंवा ‘आप’ म्हणतो आणि ‘तू’ भांडणात निघतो. मराठीत ‘बाई’ म्हणजे शाळेतल्या बाईसुद्धा, तिकडे मोलकरीण, नाहीतर जुन्या कोठ्यावरची गाणारी. आवाज आपल्याकडे पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. आणि शिक्षा म्हणजे शिक्षण!

उत्तर आलं, ‘किस विषय की शिक्षा देंगे आप? हम आपसे बहुत नाराज़ हैं.’ मी ‘हम’ वाचून हादरलो. वाटलं, सासू-सासऱ्यांसकट सगळं घर रागावलं. तिकडे एकटा माणूसही स्वतःला ‘हम’ म्हणतो, हे मला कुणी सांगितलं होतं? घाईघाईने सारवासारव केली, ‘नाराज़ मत हो, मैं तो चेष्टा कर रहा था.’ हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तिने लिहिलं, ‘चेष्टा असफल रही.’ तेवढ्यात वर जायची वेळ झाली. पुढचे सात दिवस मी त्या तीन शब्दांवर पहारा दिला. घरी राहणारा माणूस संध्याकाळी हसून चूक मिटवतो. आमच्याकडे चुकलेला मेसेज पुढच्या रेंजपर्यंत चुकलेलाच राहतो.

यावर कोर्समेट उपाय सुचवतात, फिरत असलेली एखादी शायरी टाकून दे. लखनौच्या मुलीला उसनी आणि वजनात न बसणारी शायरी पाठवणं म्हणजे कोल्हापूरकराला पाकिटातला तांबडा रस्सा वाढणं. पहिल्या ओळीतच कळतं की हा माल तुमचा नाही, आणि तिला हवे होते तुमचे शब्द.

माझं म्हणणं साधं आहे. परक्या शब्दाला आपण बिचकतो, विचारतो. फसवतो तो ओळखीचा दिसणारा शब्द. शिक्षा, चेष्टा, राग, संसार ही सगळी आपल्याच गणवेशात उभी असलेली दुसऱ्या पलटणीची माणसं. त्यांना परवलीचा शब्द विचारल्याशिवाय आत सोडू नका. शब्द तिच्या तोंडून वाक्यात ऐकला असेल तरच वापरा. दुसरं म्हणजे, चिडवणं निम्मं आवाजात असतं, आणि मेसेजला आवाज नसतो. म्हणून दुसऱ्या भाषेत खोडी काढायची तर स्वतःची काढा. ‘आज दाल मैंने बनाई, जवान अब तक चुप हैं’ यात टोन घसरायला जागाच नाही. ‘तू’चा निकाल तिच्या घरावर सोडा. शायरीत तो प्रियकराचा आहे, हरियाणात रोजचा आहे, तिच्या अंगणात कसा आहे ते सुट्टीत कान देऊन ऐका.

आणि सगळंच भाषांतरित करू नका. ‘काय गं’ला हिंदी नाही. ‘क्यों री’ केलं की त्यातला जीव जातो. पुढच्या सुट्टीत मी तिला ‘गं’ समोर बसून समजावला, सुरासकट. आता मेसेज हिंदीत असतो, शेवटचा ‘गं’ मराठीत. तीही हल्ली सुरुवात ‘अहो’ने करते. फक्त त्यानंतर ‘शिक्षा कब मिलेगी?’ असं विचारते, आणि ती कोणत्या भाषेतली, ते सांगत नाही.