"काय वाटतं तुम्हाला?" एवढाच मेसेज आला, तर काय लिहायचं?

मागच्या आठवड्यात नांदेडच्या बॅचमध्ये एका मोबाईल दुकानदाराने फोन पुढे केला. गिऱ्हाइकाचा मेसेज होता, "भाऊ, काय वाटतं तुम्हाला?" वर काही नाही, खाली काही नाही. तो म्हणाला, "सर, मी तर सरळ ऑफरचा फोटो टाकून दिला. चुकलं का?"

माझं मत स्पष्ट आहे. चुकलं. आणि हे मी माझ्या दुकानात नुकसान सोसून शिकलोय.

माझं कपड्याचं दुकान लातूरला गंजगोलाईजवळ आहे. लग्नसराईत एका ताईंनी बस्त्याच्या आधी दोन साड्या नेल्या. मुख्य बस्ता पुढच्या सोमवारी ठरला होता, साधारण साठ हजारांचा. शनिवारी रात्री त्यांचा मेसेज आला, "काय वाटतं दादा तुम्हाला?" काउंटरवरच्या पोराला वाटलं, ताई सूट किती मिळेल ते विचारतायत. त्याने "बस्त्यावर 10 टक्के सूट" असं लिहून रेट लिस्ट पाठवली.

वीस मिनिटांनी फोटो आला. एका साडीचा रंग काठावर उतरला होता. ताईंनी फोटो आधीच टाकला होता, पण गावाकडे नेट कमी. फोटो जड, तो अडकला. दोन शब्दांचा मेसेज हलका, तो पुढे आला. ताईंना मात्र असं दिसलं, की मी खराब साडी दाखवतेय आणि दुकानदार मला सूट सांगतोय. सोमवारी त्या आल्याच नाहीत.

म्हणून आता आमच्याकडे असा मेसेज आला की उत्तर द्यायच्या आधी दोन गोष्टी बघतो.

पहिली, चॅट वर सरकवून आपलाच शेवटचा मेसेज बघायचा. तुम्ही ब्रॉडकास्ट लिस्टवर "नवीन पैठणी आली" असं पाठवलं, तर गिऱ्हाइकाला तो साध्या मेसेजसारखाच दिसतो. त्याला वाटतं, दादांनी खास मलाच पाठवलंय. त्यावर तो "काय वाटतं, घेऊ का?" असं विचारतो. त्याच्या दृष्टीने विषय तुम्हीच काढलाय, विसरलात तुम्ही.

दुसरी, बिल बुक. त्या नंबरने पंधरा-वीस दिवसांत काय नेलं, काय बदलून मागितलं, काही शिवायला टाकलंय का.

एवढं बघूनही विषय सापडला नाही, तर विचारायचं. पण नुसतं "कशाबद्दल?" लिहू नका. तोंडाने म्हटलं तर ठीक, पण लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. तो तुटक वाटतो. नुसतं प्रश्नचिन्ह तर त्याहून वाईट. मी असं लिहितो:

"नमस्कार ताई. तुमचा एवढाच मेसेज आलाय, फोटो किंवा व्हॉइस आला नाही. गुरुवारी नेलेल्या साड्यांबद्दल विचारताय, की सोमवारच्या बस्त्याबद्दल?"

यात तीन कामं होतात. फोटो अडकला असेल तर ताईंना कळतं. आपण त्यांना ओळखतो हे कळतं. आणि त्यांना "साड्यांबद्दल" एवढा एकच शब्द लिहावा लागतो. पर्याय दोनच द्या. पाच दिले तर माणूस वाचत नाही.

जिथे ही पद्धत चालत नाही तेही सांगतो. नंबर नवीन असेल तर अंदाजाचे पर्याय देऊ नका, नाव-गाव आणि काय बघितलं ते विचारा. वयस्कर मावशी-काका असतील तर सरळ फोन लावा; त्यांना टाइप करायला लावणं बरं नाही.

आणखी एक जागा तपासा. व्हॉट्सॲप बिझनेसचा ग्रीटिंग मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा 14 दिवस बोलणं नसलेल्याला आपोआप जातो. त्यात ऑफर भरून ठेवली असेल, तर तक्रार घेऊन आलेल्यालाही आधी तीच दिसणार. माझी चूक पोराच्या हातून झाली, तुमची मशीन करेल. तिथे फक्त लिहा: "नमस्कार, मेसेज मिळाला. कोणत्या वस्तूबद्दल ते लिहा किंवा फोटो पाठवा, आम्ही बघून उत्तर देतो."

पोस्टरवर किंवा स्टेटसवर लिंक देत असाल, तर विषय त्यातच घाला:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=PAITHANI-12
```

X च्या जागी तुमचा नंबर. लिंक दाबली की हा मजकूर गिऱ्हाइकाच्या चॅटमध्ये टाइप होऊन येतो, त्याने फक्त पाठवायचं. मग त्यापुढे "काय वाटतं?" आलं तरी कोणत्या साडीबद्दल, ते तुम्हाला माहीत असतं.

काही जण म्हणतील, एवढं बघत बसलो तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. वर सरकवून बिल बघायला दोन मिनिटं लागतात. माझं गिऱ्हाईक उशिरामुळे गेलं नव्हतं. ते एका मिनिटात दिलेल्या उत्तरामुळे गेलं.